१०० Mbps चा प्लॅन आणि ११ MB/s चं डाउनलोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रॉडबँडच्या वेगाबद्दल येणारे बहुतेक प्रश्न एकाच तक्रारीपासून सुरू होतात: जाहिरातीत शंभर, संगणकावर अकरा. म्हणून या पानावर बहुतेक उत्तरांत एकच घर डोळ्यांसमोर ठेवलं आहे. फायबरचं कनेक्शन, १०० Mbps चा प्लॅन, एक राउटर आणि विंडोजचा लॅपटॉप. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्लॅन १०० Mbps चा आहे, पण फाइल उतरवताना वेग ११ च्या वर जातच नाही. कंपनी नऊ दशांश वेग खातेय का?

नाही. तुम्हाला पूर्ण वेग मिळतो आहे.

जाहिरातीतल्या Mbps मधला b लहान आहे, तो बिटचा. ब्राउझरच्या MB/s मधला B मोठा आहे, तो बाइटचा. ८ बिट मिळून १ बाइट होतो. त्यामुळे १०० ला ८ ने भागायचं: सेकंदाला १२.५ मेगाबाइट. ही कागदावरची कमाल मर्यादा झाली. तिथून अकरावर कसं येतं ते प्रश्न ३ मध्ये आहे.

हिशोब चुकला की अपेक्षा किती चुकते ते पाहा. ५ जीबीची फाइल शंभरच्या प्लॅनवर ५० सेकंदांत यायला हवी असं अनेकांना वाटतं. पण ५ जीबी म्हणजे ५,००० मेगाबाइट, म्हणजेच ४०,००० मेगाबिट. लाइनवरून सेकंदाला कामाचा डेटा ९४ मेगाबिट येत असेल तर ४२५ सेकंद लागतात. ५० सेकंदांची वाट पाहत बसलेल्या माणसाला सात मिनिटं लागली तर त्याला फसवल्यासारखं वाटणारच.

खात्री करायची असेल तर मोठी फाइल उतरत असताना विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा आणि नेटवर्कचा आलेख बघा. तिथे Mbps मध्ये नव्वदीच्या पुढचा आकडा असेल आणि त्याच क्षणी ब्राउझरमध्ये ११ MB/s. फोनच्या वरच्या पट्टीत दिसणारा वेगही सहसा KB/s किंवा MB/s मध्येच असतो.

२. मग कंपन्या सरळ मेगाबाइटमध्येच का सांगत नाहीत?

तारेवरून किंवा फायबरमधून एकापाठोपाठ एक बिट जातात, म्हणून दूरसंचारात वेग पहिल्यापासून बिटमध्येच मोजला जातो. फोनच्या लाइनवरचा जुना मोडेमही ५६ kbps चा होता, आणि तोही बिटमध्येच. डिस्कवर साठवताना मात्र सगळं बाइटच्या हिशोबात चालतं, म्हणून फाइलचा आकार आणि ती उतरण्याचा वेग बाइटमध्ये दिसतो. सरकारी व्याख्याही बिटमध्येच आहे: दूरसंचार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडसाठी किमान डाउनलोड वेग २ Mbps असा ठरवला, त्याआधी तो ५१२ kbps होता.

तरीही माझं स्पष्ट मत आहे की प्लॅनच्या पानावर Mbps शेजारी MB/s चा आकडाही छापायला हवा. ग्राहकाला फाइलचा आकार बाइटमध्ये माहीत असतो. त्याला भागाकार करायला लावण्याचं काहीच कारण नाही.

३. ८ ने भागून १२.५ येतात, मला ११.२ दिसतात. मधले १.३ कुठे गेले?

दोन ठिकाणी गेले. त्यातलं एकच खरं नुकसान आहे.

पहिलं ठिकाण पाकिटांचं. फाइल एकसलग येत नाही, तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा एका पाकिटातून येतो. पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, क्रमांक आणि चूक तपासायचा अंक असतो, आणि दोन पाकिटांमध्ये थोडी मोकळी जागा सोडावी लागते. लॅन केबलवर एक पूर्ण पाकीट १,५३८ बाइटची जागा घेतं. त्यात तुमच्या फाइलचे बाइट असतात साधारण १,४४८. म्हणजे १०० पैकी सुमारे ९४ मेगाबिट फाइलसाठी उरतात, आणि ८ ने भागल्यावर ११.७७ येतात. ज्या कनेक्शनला राउटरमध्ये युजरनेम आणि पासवर्ड टाकून लॉगइन करावं लागतं, तिथे बहुधा PPPoE असतं. ते प्रत्येक पाकिटात आणखी ८ बाइट घेतं, पण तेवढ्याने पडणारा फरक डोळ्यांना जाणवत नाही.

दुसरं ठिकाण मोजणीचं. नेटवर्कवाल्यांचा मेगा म्हणजे नेमके १०,००,०००. विंडोजचा मेगाबाइट म्हणजे १,०२४ गुणिले १,०२४, अर्थात १०,४८,५७६ बाइट. तोच डेटा जरा मोठ्या मापाने मोजला की आकडा लहान दिसतो:

```
११.७७ ÷ १.०४८५७६ = ११.२
```

हा दुसरा फरक फक्त दाखवण्याचा आहे. फाइल तेवढ्याच वेळात उतरते. मॅकचा फाइंडर दशमान मेगाबाइट वापरतो, म्हणून एकाच फाइलचा आकार दोन संगणकांवर थोडा वेगळा दिसतो.

थोडक्यात, शंभरच्या प्लॅनवर विंडोजमध्ये ११ ते ११.९ दिसत असतील तर लाइन निर्दोष आहे. ११.९ हा कंपनीने थोडा वेग जास्त सोडलेला असल्याचा परिणाम असतो (प्रश्न १०).

४. स्पीड टेस्ट नेमकं काय मोजते?

टेस्टचं ॲप जवळचा एखादा सर्व्हर निवडतं, त्याच्याशी एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतं आणि दहा-पंधरा सेकंद निरर्थक डेटाची ने-आण करतं. सुरुवातीच्या क्षणांत वेग हळूहळू वाढत असतो. अनेक टेस्ट तो भाग हिशोबातून वगळतात आणि उरलेल्या काळाचा आकडा दाखवतात.

म्हणजे मोजलं जातं ते एका वाटेबद्दल: तुमच्या हातातल्या उपकरणापासून त्या एका सर्व्हरपर्यंत, त्या दहा-पंधरा सेकंदांत. या वाटेत वाय-फाय येतं, राउटर येतो, लॅन केबल येते, गल्लीतलं फायबर येतं आणि कंपनीचं आतलं जाळंही येतं. यातला सगळ्यात अरुंद भाग जेवढा, तेवढाच आकडा दिसतो. प्लॅनचा आकडा मात्र यातल्या एकाच भागाचा असतो: कंपनीने तुमच्या खात्यावर लावलेली मर्यादा. दोन्ही आकडे तंतोतंत जुळणं म्हणूनच दुर्मीळ आहे. यापुढचे बहुतेक प्रश्न अरुंद भाग कुठला ते शोधण्याचे आहेत.

५. मी २०० चा प्लॅन घेतला, पण टेस्ट कितीही वेळा केली तरी ९३-९४ वरच अडकते. असं का?

आकडा दरवेळी ९३ ते ९५ च्या मध्येच येतो का, ते आधी बघा. येत असेल तर कारण जवळपास नक्की आहे. वाटेत कुठेतरी १०० मेगाबिटचा जोड आहे. प्रश्न ३ मधला हिशोब इथेही लागू होतो: १०० चा जोड फाइलला ९४ च्या आसपास देतो. गर्दीमुळे कमी झालेला वेग असा एकाच आकड्यावर स्थिर राहत नाही, तो खालीवर होत राहतो.

स्वस्त राउटरचे लॅन पोर्ट अनेकदा १०० मेगाबिटचेच असतात, मग खोक्यावर ३०० किंवा १२०० असा वाय-फायचा आकडा कितीही ठळक छापलेला असो. राउटर बदलण्याआधी लॅपटॉप राउटरला केबलने जोडा आणि विंडोजच्या पॉवरशेलमध्ये हे चालवा:

```
Get-NetAdapter
```

LinkSpeed च्या रकान्यात `100 Mbps` दिसलं तर लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधला जोडच शंभरचा आहे. `1 Gbps` दिसलं तर अडचण पुढे आहे, बहुधा फायबरचा डबा आणि राउटर यांच्यामधल्या केबलमध्ये.

दोन्ही बाजूंचे पोर्ट गिगाबिटचे असूनही शंभर दिसत असेल, तर केबल बदलून पाहा. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. शंभरच्या जोडाला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. जॅक नीट क्रिंप झाला नसेल किंवा एखादी तार दाराखाली चिरडली असेल, तर बहुतेक कार्डं गिगाबिटचा नाद सोडून शंभरवर उतरतात. काहीही बंद पडत नाही, कुठे सूचना येत नाही, आणि प्लॅन वाढवूनही वेग तिथेच राहतो. काही ठिकाणी वायरमन एकाच केबलच्या दोन जोड्या एका घराला आणि उरलेल्या दोन दुसऱ्याला देतो. तिथे तर गिगाबिट कधीच मिळणार नाही. नवी चार जोड्यांची केबल टाकून घेणं हाच त्यावर उपाय.

६. लॅपटॉपवर वाय-फायने ४० च येतात. यात चूक कोणाची?

कंपनीची चूक असायची शक्यता कमी आहे. प्रथम विंडोजच्या पॉवरशेलमध्ये हे चालवा:

```
netsh wlan show interfaces
```

यात `Receive rate (Mbps)` ची ओळ बघा. राउटर आणि लॅपटॉप यांनी आपसांत ठरवलेला तो वेग आहे. समजा तिथे ७२ दिसतात आणि `Channel` १ ते १३ यांपैकी आहे. याचा अर्थ लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्‌झवर आहे, एकाच अँटेनाच्या वेगाने.

आता ७२ मधले ४० च का मिळतात? वाय-फायमध्ये एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं. लॅपटॉपने पोच पाठवायची, पुढचं बोलण्याआधी हवा मोकळी आहे का ते ऐकायचं, टक्कर झाली तर पुन्हा पाठवायचं, या सगळ्यात जवळपास निम्मा वेळ जातो. ठरलेल्या वेगाच्या ५० ते ६५ टक्के हाती येतात. त्यात एकमेकांना न छेदणारी २.४ गिगाहर्ट्‌झची चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. इमारतीत वीस घरांचे वीस राउटर असले तर सगळे त्याच तीन चॅनेलांत वाटा मागतात.

त्याच लॅपटॉपला राउटरच्या ५ गिगाहर्ट्‌झच्या नावाशी जोडा. दोन अँटेना आणि ८० मेगाहर्ट्‌झ रुंदीचं चॅनेल असेल तर `Receive rate` ८६६ पर्यंत जातो आणि शंभरचा प्लॅन आरामात पूर्ण मिळतो. मात्र ५ गिगाहर्ट्‌झ भिंतींपलीकडे लवकर क्षीण होतं. राउटर हॉलमध्ये आणि तुम्ही दोन भिंतींपलीकडच्या खोलीत असाल, तर हा आकडा पुन्हा खाली येताना दिसेल.

७. टेस्टमध्ये ९५ येतात, पण एका ठरावीक साइटवरून फाइल फक्त २ MB/s ने येते. असं कसं?

लाइन तीच, पण वाट वेगळी. या प्रश्नात लोक सर्वांत जास्त गोंधळतात, म्हणून उदाहरण पूर्ण सोडवू.

सर्व्हर अमेरिकेत आहे असं धरा. `ping` ने पाहिलं तर पाकीट जाऊन परत यायला २२० मिलिसेकंद लागतात. आता पाठवणारा सर्व्हर मर्यादेविना डेटा ओतत नाही. पोच येण्याआधी जास्तीत जास्त किती बाइट पाठवून ठेवायचे याची एक मर्यादा असते, तिला विंडो म्हणतात. विंडो भरली की तो थांबतो, पोच आली की पुढचं पाठवतो. म्हणून एका जोडणीचा वेग हा असा ठरतो:

```
वेग = विंडो ÷ जाण्यायेण्याचा वेळ
```

विंडो ५१२ केबीची असेल तर ०.२२ सेकंदांनी भागून सुमारे २.३ MB/s येतात. तुमचा प्लॅन १०० चा असो की १,००० चा, उत्तर तेच राहतं. १०० Mbps पूर्ण भरायला त्याच अंतरावर २.७५ मेगाबाइटची विंडो हवी. आजच्या संगणकांची विंडो आपोआप वाढते, पण सर्व्हरच्या बाजूची मर्यादा तुमच्या हातात नसते. शिवाय मध्ये पाकिटं हरवली की पाठवणारा वेग मुद्दाम उतरवतो, आणि अंतर जितकं लांब तितका तो पुन्हा चढायला वेळ लागतो. काही साइट तर प्रत्येक डाउनलोडला ठरवून वेगमर्यादा लावतात.

टेस्टला हा त्रास होत नाही. तिचा सर्व्हर मुंबईत किंवा पुण्यात, दहा मिलिसेकंदांच्या आत असतो, आणि ती अनेक जोडण्या उघडते.

दोष लाइनचा आहे का, हे ओळखायची सोपी परीक्षा आहे. ती संथ फाइल उतरत असतानाच दुसऱ्या साइटवरून मोठी फाइल सुरू करा. पहिली २ वरच राहिली आणि दुसरी ९ ने येऊ लागली, तर लाइनमध्ये जागा होती, पहिला सर्व्हर ती भरू शकत नव्हता. डाउनलोड मॅनेजर एकाच फाइलचे भाग अनेक जोडण्यांनी आणतो, म्हणून अशा वेळी तो खरोखर उपयोगी पडतो. साइटने जोडण्यांचीच संख्या मर्यादित ठेवली असेल तर मात्र नाही.

८. मोठी फाइल ११ ने येते, पण छोट्या फाइली आणि वेबपानं तितकी झटपट वाटत नाहीत. का?

प्रत्येक नवी जोडणी सावकाश सुरू होते. पहिल्या फेरीत साधारण १० पाकिटं, पोच आल्यावर २०, मग ४०, असं दुप्पट होत जातं. प्रश्न ७ मधल्या २२० मिलिसेकंद दूरच्या सर्व्हरवरून १ मेगाबाइटचा फोटो आणायला अशा सात फेऱ्या लागतात, म्हणजे दीड सेकंद. शंभरच्या वेगाने तो एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी वेळात यायला हवा होता. पूर्ण वेग गाठण्याआधीच फाइल संपते. इथे प्लॅन वाढवून काहीच मिळत नाही.

९. एका टेस्टमध्ये ९६, दुसरीत ६०, तिसरीत ७८. खरा आकडा कोणता?

तिन्ही खरे आहेत, त्या तीन वाटांचे. ऊक्लाची Speedtest अनेकदा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात ठेवलेला सर्व्हर निवडते. तिथे डेटा कंपनीच्या बाहेर पडतच नाही, म्हणून आकडा सर्वांत चांगला येतो. fast.com नेटफ्लिक्सच्या सर्व्हरांपर्यंतचा वेग मोजते, त्यामुळे व्हिडिओ कसा चालेल याचा अंदाज तिच्यावरून जास्त चांगला येतो. ट्रायचं मायस्पीड ॲप आणखी वेगळ्या सर्व्हरकडे जातं.

Speedtest मध्ये सर्व्हर स्वतः निवडता येतो. एकदा आपल्या कंपनीचा आणि एकदा दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या शहरातला निवडा. पहिला ९५ आणि दुसरा ५० आला, तर घरापासून कंपनीपर्यंतची लाइन चांगली आहे आणि बहुधा कंपनीची बाहेरची जोडणी तोकडी पडते आहे. तक्रार करायची असेल तर हा फरक नोंदवून ठेवण्यासारखा आहे (प्रश्न १२).

१०. माझ्याकडे तर उलटं आहे. १०० च्या प्लॅनवर १०७ येतात!

काही कंपन्या मर्यादा प्लॅनपेक्षा थोडी वर ठेवतात, म्हणजे पाकिटांवरचा खर्च वजा होऊनही टेस्टमध्ये शंभर दिसतात. काही ठिकाणी पहिल्या काही सेकंदांसाठी जास्त वेग सोडलेला असतो. टेस्ट छोटी असल्याने तो तिला पकडता येतो, मोठ्या फाइलला मात्र शेवटपर्यंत मिळत नाही. असा आकडा दिसणं हा एक पुरावाही आहे: तुमच्या वाटेत १०० मेगाबिटचा जोड कुठेच नाही. तो असता तर ९५ च्या वर जाताच आलं नसतं.

११. सकाळी ९५, रात्री नऊनंतर ३०. आणि महिन्याच्या शेवटी तर अजिबातच नाही. ही दोन्ही कारणं एकच आहेत का?

नाही, दोन वेगळी आहेत, आणि आकड्याच्या वागण्यावरून ओळखता येतात.

रात्रीचा प्रकार वाटणीचा. घरगुती फायबरमध्ये प्रचलित असलेल्या जीपॉन पद्धतीत एका फायबरवरून खाली येणारा एकूण वेग २.४८८ गिगाबिट असतो आणि तो स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. ६४ घरांनी एकाच क्षणी पूर्ण ताकदीने डाउनलोड केलं तर प्रत्येकाला जेमतेम ३९ Mbps येतील. तसं क्वचितच होतं, कारण बहुतेक घरांत व्हिडिओ चालू असतो आणि त्याला १०० लागत नाहीत. जास्त वेळा तुटवडा पडतो तो त्याच्याही वर, स्थानिक ऑपरेटरने मोठ्या कंपनीकडून घेतलेल्या जोडणीत. लक्षण एकच: आकडा अस्थिर असतो, आठ ते अकरा या वेळात पडतो आणि मध्यरात्रीनंतर सावरतो.

ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून जाहिरातीतला वेग गर्दीच्या वेळी, रात्री ८ ते १० मध्ये, निदान निम्म्या ग्राहकांना मिळणारा असावा असा नियम आहे. आपल्याकडच्या जाहिरातींतही ‘पर्यंत’ या शब्दामागे लपण्याऐवजी रात्री नऊचा आकडा द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

महिन्याच्या शेवटचा प्रकार वापरमर्यादेचा. ‘अनलिमिटेड’ म्हटलेल्या अनेक फायबर प्लॅनमध्ये महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते. ती ओलांडली की वेग एका ठरलेल्या आकड्यावर उतरतो आणि सकाळ-रात्र तिथेच राहतो. पूर्ण १०० Mbps ने अखंड उतरवत राहिलं तर ३,३०० जीबी संपायला ७३ तास लागतात. साध्या घराला ते जमणार नाही, पण चोवीस तास चालणारे कॅमेरे आणि क्लाउड बॅकअप असलेल्या घरात मर्यादा गाठली जाऊ शकते. अपलोडही त्यात मोजतात का, ते प्लॅनच्या अटींत पाहा. शिल्लक किती ते कंपनीच्या ॲपमध्ये दिसतं.

१२. तक्रार करायची तर पुरावा म्हणून काय द्यावं?

वाय-फायवरचा स्क्रीनशॉट देऊ नका. तो फेटाळला जातो, आणि प्रश्न ६ वाचल्यावर का ते कळेल. लॅपटॉप राउटरला केबलने जोडा, `Get-NetAdapter` मध्ये `1 Gbps` आहे याची खात्री करा, घरातले बाकी सगळे फोन आणि टीव्ही राउटरवरून काढा, व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. मग कंपनीचा स्वतःचा सर्व्हर निवडून सकाळी आणि रात्री नऊनंतर, ओळीने काही दिवस टेस्ट घ्या. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, सर्व्हरचं नाव आणि आकडा लिहा, आणि वापरमर्यादा संपलेली नाही हे दाखवणारा ॲपमधला स्क्रीनशॉट जोडा.

कंपनीच्याच सर्व्हरपर्यंत केबलवरून शंभरऐवजी तीस येत असतील, तर ‘तुमच्या वाय-फायचा दोष’ किंवा ‘त्या साइटचा दोष’ ही दोन्ही उत्तरं बाद होतात. आधी तक्रार केंद्रात नोंद करून डॉकेट क्रमांक घ्या. समाधान झालं नाही तर त्याच डॉकेट क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर दिलेला असतो. ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, त्यामुळे थेट तिकडे लिहून वेळ घालवू नका.